केमिकल अँकरचे पैसे घेतले, भोकात निघाले साधे फास्टनर

टेरेसच्या रेलिंगला केमिकल अँकर, म्हणजे भोकात केमिकल भरून त्यात चिकटवलेला बोल्ट, मारतो म्हणून फॅब्रिकेटरने भोकामागे 380 रुपये लावले. साधा फास्टनर 90 ला पडला असता. 8 खांब, प्रत्येकी 4 भोकं, म्हणजे नुसत्या भोकांचे 12,160 रुपये, तेही रोख.

मी हौसेने जास्त पैसे दिले नव्हते. खांबांचे बाहेरचे बोल्ट स्लॅबच्या कडेपासून जेमतेम 55 मिमीवर येत होते. फास्टनरचा नट आवळला की बोल्टभोवतीची धातूची बाही फुगते, काँक्रीटला आतून रेटते आणि त्या रेट्यावरच तो धरतो. कड जवळ असली की तोच रेटा कडेचा ढलपा उडवतो. केमिकल भोकाच्या भिंतीला चिकटून धरतं, फुगत नाही. एवढं मला माहीत होतं, म्हणून तर केमिकल मागितलं!

आणि तरी मी आत चहा करत बसलो, बाहेर हातोड्याची ठणठण चालू होती. ट्यूबवाल्या केमिकलमध्ये स्टड, म्हणजे आट्यांचा दांडा, हाताने फिरवत आत सरकवतात, ठोकत नाहीत. शिवाय ते सुकेपर्यंत नटला हात लावायचा नसतो. ट्यूबवर तापमानानुसार वेळ छापलेली असते. या महाशयांनी ठोकला की लगेच पान्याने आवळला. विचारलं तर म्हणे, "काका, हे फास्ट सेटिंग आहे." खांबाखालच्या प्लेटच्या कडेने राखाडी केमिकल दिसत होतं, मग शंका कुणाला येणार?

पावसाळ्यानंतर एक खांब हलायला लागला, कडेला बारीक तडा दिसला. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या ओळखीच्या फिटरने नट काढून प्लेट उचलली. आत बाहीचा फास्टनर. केमिकल फक्त तोंडाशी लिंपलेलं. भोक 75 मिमी खोल, त्यातली वरची 50 मिमी टाइल आणि खालचा मसाला. खऱ्या काँक्रीटमध्ये बोल्ट 25 मिमी!

चौकीत साहेब म्हणाले, "हा दिवाणी वाद आहे." वॉर्ड ऑफिसने सोसायटीकडे पाठवलं, सोसायटीने "आतलं काम तुमचं" म्हणून हात झटकले. रेलिंगसकट कुणी खाली गेलं असतं तर मात्र सगळेच पंचनाम्याला हजर! पक्कं बिल नाही म्हणून सगळीकडे मलाच ऐकवलं. बिलावर "केमिकल अँकर, काँक्रीटमध्ये अमुक खोली" असं लिहून घ्याच.

खरं केमिकल आणलं तरी उभे राहून बघा. भोकातली धूळ फुंकून, ब्रशने घासून, पुन्हा फुंकून काढली नाही तर ते धुळीलाच चिकटतं. नोझलमधून आलेलं सुरुवातीचं, रंग एकसारखा न झालेलं केमिकल टाकून द्यायचं असतं. ट्यूबची एक्स्पायरी वाचा. कडेजवळ चालतं म्हणजे वाटेल तितकं जवळ नाही, कॅटलॉगमधलं किमान अंतर पाळावं लागतं.

फास्टनर वाईट नाही. जाड, न तडकलेलं काँक्रीट, कड लांब, यंत्राचा सततचा हादरा नाही, अशा ठिकाणी तो लगेच भार घेतो. तिथे केमिकलचे पैसे देऊ नका.

नवीन माणसाने तडकलेल्या कडेच्या भोकांत केमिकल भरायला साफ नकार दिला. प्लेटा आत सरकवून, टाइल कापून, नवी भोकं पाडून 18,500 घेतले. पहिल्याचा फोन अजून बंदच आहे.