एक किडनी असेल किंवा किडनीचा आजार असेल तर क्रिएटिन घ्यायचं का?

जिममधे ट्रेनर सांगतो ताकदीसाठी क्रिएटिन पावडरचा रोज एक स्कूप, बिनधास्त घे, सगळेच घेतात. दोन्ही किडन्या धडधाकट असतील तर ३ ते ५ ग्रॅमला तसा धोका दिसलेला नाहीये. पण ज्यांना एकच किडनी आहे किंवा आजार आहे त्यांचं गणित वेगळं, आणि त्या दोघांचंही एकमेकांपेक्षा वेगळं.

समजा कोथरूडचा ३४ वर्षांचा मुलगा, आईला किडनी दिलेली, बीपी नॉर्मल, लघवीत प्रोटीन नाही, रक्तातलं क्रिएटिनिन १.२ म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते याचा त्यावरून काढलेला अंदाज, साधारण ८१. आणि हडपसरचे ४५ वर्षांचे काका, जुनी शुगर, क्रिएटिनिन १.९, ईजीएफआर ४४ च्या आसपास, लघवीतून अल्ब्युमिन जातंय.

मुलाने क्रिएटिनचा डबा सुरू केला आणि महिन्याने क्रिएटिनिन १.४ आलं, तर ईजीएफआर ८१ वरून थेट ६८ वर, घरात रडारड! पण क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन बनतं, त्यामुळे आकडा किडनीला काही न होताही वाढू शकतो. २०१० साली एकाच किडनीच्या २० वर्षांच्या मुलाची केस छापून आली होती, ३५ दिवस क्रिएटिन घेतलं, क्रिएटिनिन वाढलं पण थेट मोजलेला जीएफआर तसाच राहिला. पण तो एकच माणूस आणि जेमतेम महिनाभर, त्यावर कोण किती भरवसा ठेवणार? म्हणून मुलाने आधीच नेफ्रॉलॉजिस्टकडे जाऊन क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, बीपी आणि जमल्यास सिस्टॅटिन सी ही दुसरी रक्ततपासणी, एवढं करून ठेवावं. सिस्टॅटिन सी क्रिएटिनवर अवलंबून नसतं, पुढे आकडा हलला की खरं काय ते त्यावरून कळतं (थायरॉईडचा त्रास असेल किंवा स्टिरॉईड चालू असतील तर तेही गंडू शकतं, तेवढं डॉक्टरांना सांगायचं).

काकांना मात्र माझं उत्तर सरळ 'नाही', डॉक्टर स्वतः हो म्हणेपर्यंत डबा उघडायचाच नाही. अशा पेशंटना बहुतेक अभ्यासांत घेतलेलंच नसतं. शिवाय त्यांच्या गोळ्यांचे डोस, शुगरच्या मेटफॉर्मिनसकट, ईजीएफआर बघून ठरतात, तोच आकडा पावडरने हलला तर किडनी खरंच घसरतेय की पावडर बोलतेय हे कळणार कसं. त्यात जिमच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक घेत असतील तर विषयच संपला, ती गोळी किडनीला खरोखर मारते.

सुरुवातीला स्नायूंत साठा भरायला घेतात ते लोडिंगचे रोज २० ग्रॅम वगैरे तर दोघांनीही विसरा.

आणि आधीच सुरू केलं असेल तर टेस्टच्या आधी दोन दिवस गुपचूप बंद करून उपयोग नाही, स्नायूंतला साठा उतरायला चार ते सहा आठवडे जातात. डबाच घेऊन जा ओपीडीत, कधीपासून आणि किती घेताय ते सांगा, म्हणजे रिपोर्ट वाचताना डॉक्टरांना अंदाज येतो.