साठेखतातली एक ओळ आणि अडकलेले चोवीस लाख

जुना फ्लॅट विकत घेताना दिलेला विसार बुडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा विक्रेत्याच्या हेतूला दिला जातो. नियत खोटी असतेही. पण पैसे अडकवण्याची सोय तिने नव्हे, खरेदीदाराने स्वतः सही केलेल्या कागदाने केलेली असते. त्यातली वाक्यं अगदी साधी दिसतात आणि एजंट "हा आमचा नेहमीचा फॉरमॅट आहे" म्हणून ती पुढे सरकवतो. ही फसवणूक कशी घडते ते दाखवण्यासाठी खाली मुलुंडमधल्या एका रिसेल फ्लॅटच्या व्यवहाराचा नमुना घेतला आहे. आकडे गोल केलेले आहेत, पण क्रम ठरलेला असतो तोच आहे.

फ्लॅटची किंमत १ कोटी २० लाख. पंचाहत्तर लाखांवरच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे जास्तीत जास्त ९० लाखांचं कर्ज आणि ३० लाख स्वतःचे. फ्लॅट दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून १ लाख टोकन दिलं जातं. आठवड्याभरात पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर एमओयू, म्हणजे नोंदणीआधीचं साठेखत, होतो, त्यावर नोटरीचा शिक्का बसतो आणि ११ लाख दिले जातात. मग विक्रेता सांगतो की त्याच्या फ्लॅटवर कर्ज शिल्लक आहे, ते फेडल्याशिवाय मूळ कागद बँकेतून सुटणार नाहीत, तेव्हा आणखी १२ लाख द्या. मागणी पटण्यासारखी असते, म्हणून तेही दिले जातात. असे २४ लाख, म्हणजे किमतीच्या २० टक्के, विक्रेत्याच्या बचत खात्यात जातात आणि खरेदीदाराच्या हातात नोंदणी न झालेला एक कागद उरतो.

त्या कागदात तीन वाक्यं असतात. पहिलं: "आजपर्यंत दिलेली व यापुढे दिली जाणारी सर्व रक्कम विसार समजली जाईल." दुसरं: "सही केल्यापासून ६० दिवसांत खरेदीदाराने उर्वरित रक्कम न दिल्यास विसार जप्त होईल." तिसरं: "विक्रेत्याकडून व्यवहार पूर्ण न झाल्यास रक्कम बिनव्याजी परत केली जाईल, मात्र फ्लॅटची अन्यत्र विक्री झाल्यावर." तिसऱ्या वाक्यात परतीची तारीखच नाही, हे सही करताना कुणाच्या लक्षात येत नाही.

आता हे ६० दिवस कसे जातात ते पाहा. खरेदीदाराच्या बँकेला आधीच्या सगळ्या करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा ना हरकत दाखला, भोगवटा प्रमाणपत्र आणि विक्रेत्याच्या बँकेचं थकबाकीचं पत्र लागतं. यातला प्रत्येक कागद विक्रेत्याच्या ताब्यात असतो किंवा त्याच्याच अर्जावर मिळतो. त्याने अगदी विसाव्या दिवशी कर्ज फेडलं, तरी मूळ कागद परत द्यायला त्याच्या बँकेला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० दिवसांपर्यंत वेळ असतो. म्हणजे पन्नास दिवस तिथेच संपले. नमुन्यातल्या व्यवहारात तर त्याने कर्ज फेडलेलंच नाही, ते १२ लाख दुसरीकडे वळवले आहेत. कर्ज मंजूर होऊनही कागदांअभावी बँक चेक काढत नाही. साठ दिवस उलटतात आणि एकसष्टाव्या दिवशी वकिलाची नोटीस येते: तुम्ही मुदत चुकवलीत, करार रद्द, २४ लाख जप्त. दोन-तीन महिन्यांत तोच फ्लॅट १ कोटी २८ लाखांना विकला जातो. विक्रेत्याकडे जुने २४ लाख राहतात आणि वर आठ लाखांचा वाढीव भाव मिळतो.

कायद्याच्या दृष्टीने हे २४ लाख एकाच जातीचे नाहीत. व्यवहार पार पाडू याची हमी म्हणून दिलेला पैसा विसार असतो. त्यानंतर दिलेला पैसा किमतीचा हप्ता असतो. खरेदीदाराने खरोखर करार मोडला तर विसार जप्त होऊ शकतो, हप्ता आपोआप होत नाही. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हा फरक स्पष्ट केला. दिल्लीतल्या त्या मालमत्तेची किंमत १,१२,५०० रुपये होती. विक्रेत्याला १,००० रुपये विसार आणि नंतर २४,००० रुपये मिळाले होते. करारात सगळी रक्कम जप्त करण्याची तरतूद होती, तरी न्यायालयाने त्याला हजार रुपयेच ठेवू दिले. चोवीस हजार ही दंडासारखी तरतूद ठरली आणि करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळू शकते, तीही नुकसान झालं असेल तर, असं सांगितलं. जास्त भावाने फ्लॅट विकणाऱ्याला नुकसान दाखवणं अवघड जातं. म्हणून त्या दुसऱ्या विक्रीचा इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, नोंदणी विभागाकडून काढून ठेवा. त्यात दस्ताची किंमत दिसते.

पण याच नियमाची दुसरी बाजू खरेदीदाराच्या अंगावर येऊ शकते. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या २०१२ च्या निकालात ७० लाखांच्या व्यवहारातले ७ लाख विसार म्हणूनच दिले होते आणि चूक खरेदीदाराची होती. ती जप्ती न्यायालयाने कायम ठेवली. म्हणून "सर्व रक्कम विसार समजली जाईल" या एका वाक्यावर आम्ही इतका जोर देतो. वाक्य लिहिलं म्हणून हप्ता विसार होतोच असं नाही, पण ते सिद्ध करायला वर्षानुवर्षं कोर्टात जातात. सही करताना तिथे असं लिहून घ्यावं: "दिलेल्या रकमेपैकी फक्त २,००,००० रुपये विसार आहेत. बाकी सर्व रक्कम किमतीचा भाग असून कोणत्याही कारणाने जप्त होणार नाही."

दुसरी दुरुस्ती मुदतीची. ६० दिवस सहीपासून मोजायचे नाहीत. बँकेला लागणाऱ्या कागदांची यादी कराराला जोडायची आणि यादीतला शेवटचा कागद विक्रेत्याने लेखी पोच घेऊन दिला त्या तारखेपासून मोजायचे. तिसरी दुरुस्ती कर्ज नाकारलं जाण्याची. मालकीहक्कातल्या किंवा कागदांतल्या त्रुटीमुळे बँकेने नकार दिला तर पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत; खरेदीदाराच्या उत्पन्नामुळे नकार आला तर ठरलेली छोटी रक्कम वजा करून परत. परतीला ठरलेली तारीख आणि उशीर झाल्यास व्याजदर हवाच. "फ्लॅटची अन्यत्र विक्री झाल्यावर" हे शब्द खोडून टाकायचे, त्याला विक्रेता तयार नसेल तर तो व्यवहार तिथेच सोडलेला बरा. आणि विक्रेत्याचं कर्ज फेडायला पैसे द्यायचे असतील तर ते त्याच्या बचत खात्यात कधीच देऊ नयेत. त्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र घ्यावं आणि त्या कर्जखात्याच्याच नावाने चेक काढावा.

नोटरीच्या शिक्क्याबद्दलही गैरसमज फार आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. पुरेसं मुद्रांक शुल्क न भरलेला कागद कोर्टात पुरावा म्हणून आणायचा तर आधी राहिलेलं शुल्क दंडासह भरावं लागतं. मोठी रक्कम द्यायची असेल तर आधी साठेखताची नोंदणी, मग पैसे, हाच क्रम ठेवावा. एक लाख टोकनपलीकडे नोंदणीशिवाय काही देऊ नये असं आमचं मत आहे, मग एजंट कितीही घाई करो.

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना रस्ता वेगळा असतो. तिथे रेरा कायद्याचं कलम १३ नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ देत नाही आणि तक्रार महारेराकडे जाते. दोन खासगी व्यक्तींमधल्या रिसेल व्यवहारात ही दारं उघडत नाहीत, दिवाणी कोर्टच गाठावं लागतं. पोलिसांकडे गेल्यास "हा दिवाणी वाद आहे" असं उत्तर मिळण्याची शक्यता मोठी असते, कारण फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी पहिल्यापासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. तोच फ्लॅट एकाच वेळी दोघांना विकला असेल किंवा बनावट कागद दाखवले असतील तर गोष्ट वेगळी.

दिवाणी दाव्यात खरेदीदाराला वाचवतो तो त्याने मुदतीच्या आत केलेला पत्रव्यवहार. पंधराव्या-विसाव्या दिवशीच कोणता कागद अजून मिळालेला नाही ते ईमेलने आणि स्पीड पोस्टने कळवावं. कर्जमंजुरीचं पत्र आणि स्वतःच्या उरलेल्या सहा लाखांची शिल्लक दाखवणारं खातेपत्रक जपून ठेवावं. आपण पैसे द्यायला तयार आणि समर्थ होतो, अडवणूक समोरच्याची होती, हे यातूनच दिसतं. विक्रेता फोनवर "पुढे बघू" म्हणाला तर त्याच दिवशी मुदतवाढीचा मेसेज पाठवून लेखी होकार घ्यावा. तोंडी मुदतवाढ कोर्टात टिकवणं कठीण जातं.

दाव्यात एक चूक वारंवार होते. वकील करार पूर्ण करून मिळण्याची मागणी करतात आणि पैसे परत मिळण्याची पर्यायी मागणी घालायची राहून जाते. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २२ नुसार परतावा स्वतंत्रपणे मागितलेला नसेल तर कोर्ट तो देत नाही. दावा चालू असताना दुरुस्ती करता येते, पण ती मागावी लागते. याबरोबरच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५(६)(ब) खाली दिलेल्या रकमेचा बोजा फ्लॅटवर मागावा. मुंबईत नुसता दावा दाखल करून पुढची विक्री बांधली जात नाही, त्या दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवावी आणि सोसायटीलाही लेखी कळवावं. परताव्याच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. "देतो, देतो" ऐकण्यात ती निघून जाते.

बरेच वाद शेवटी तडजोडीत मिटतात आणि तिथेही एक सापळा असतो. विक्रेता म्हणतो, आधी रद्दपत्रावर सही करा, मग हे पुढच्या तारखेचे चेक घ्या. सही झाली की करार संपतो आणि हातात फक्त चेक राहतात. रद्दपत्रात "पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच हे रद्दपत्र लागू होईल" असं लिहून घ्या, साठेखत नोंदणीकृत असेल तर रद्दपत्रही नोंदवा, आणि जमल्यास सहीच्या टेबलावर डिमांड ड्राफ्टच मागा. चेक घेतलाच तर तो तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत मागणीची नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला समोरच्याला १५ दिवस मिळतात आणि ते संपल्यापासून एक महिन्यात परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली चेक न वटल्याची फौजदारी तक्रार दाखल करायची असते. यातली नोटीसची तारीख सर्वात जास्त चुकते, कारण विक्रेता पुन्हा "चेक परत टाका, या वेळी क्लिअर होईल" म्हणतो. चेक पुन्हा टाकायला हरकत नाही, पण तोही त्याच तीन महिन्यांत, आणि प्रत्येक वेळचा बँकेचा परतीचा मेमो जपून ठेवून.