अंगठा दुखतोय, तर फोन कसा धरायचा? वेगवेगळ्या पकडींची तुलना

अंगठा दुखायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो "फोन कमी वापर". ज्याचं ऑफिस, बँक, मुलांची शाळा आणि सोसायटीचा ग्रुप सगळं फोनवरच आहे, त्याला हा सल्ला चार दिवसही पाळता येत नाही. फोन धरायची पद्धत मात्र आजपासून बदलता येते. हाताच्या दुखण्यांवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट म्हणून मला सारखं विचारतात की दोन्ही हातांनी धरू, डाव्या हातात घेऊ, की मागे लावायची रिंग आणू? या तिन्हींचं उत्तर सारखं नाही. आणि त्याआधी दुखणं नेमकं कुठलं हे बघावं लागतं.

आधी दुखरी जागा शोधा

अंगठ्याच्या रेषेत खाली मनगटाकडे बोट फिरवत या. मनगटाच्या कडेला हाडाचा एक उंचवटा लागतो. त्यावरून दोन कंडरा, म्हणजे डॉक्टर ज्यांना टेंडन म्हणतात त्या, एका अरुंद बोगद्यातून अंगठ्याकडे जातात. अंगठा बाहेर ताणणं आणि मागे उचलणं हे त्यांचं काम. हे काम दिवसभर चाललं आणि वर मनगट करंगळीकडे झुकलेलं राहिलं, तर विहिरीच्या काठावर दोर घासावा तशा त्या बोगद्याच्या तोंडाशी घासतात. हळूहळू बोगद्याचं आवरण जाड होतं आणि आतली जागा कमी पडते. फ्रिट्झ द केर्व्हाँ या स्विस सर्जननं 1895 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून चिठ्ठीवर 'डी क्वेरवेन' असं लिहिलेलं दिसतं. मुळात गोष्ट आवरण जाड होण्याची असल्यामुळे नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटतं, पण घासणं चालूच राहतं.

घरी बघायचं असेल तर अंगठा मुठीत घ्या आणि मनगट हलकेच करंगळीच्या बाजूला वाकवा. त्या उंचवट्यावर झणकन कळ आली तर संशय बळावतो. मात्र ही चाचणी निरोगी हातालाही थोडी ताणते, म्हणून दुसऱ्या हातावर करून फरक बघा, आणि जोर लावू नका.

दुखणं अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या सांध्यात असेल आणि बरणीचं झाकण उघडताना किंवा किल्ली फिरवताना वाढत असेल, तर सांध्याची झीज असू शकते, विशेषतः पन्नाशीनंतर. अंगठा वाकवून सरळ करताना अडकून 'टक्' होत असेल तर तो ट्रिगर थंब. रात्री अंगठ्यासह पहिल्या बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता जास्त. खालची तुलना मनगटाच्या कडेच्या दुखण्यासाठी आहे.

एका हातानं धरून त्याच अंगठ्यानं चालवणं

सगळ्यांची सवयीची पकड हीच, आणि सगळ्यांत महागात पडणारीही हीच. उजव्या हातात फोन घेऊन व्हॉट्सअॅपवरच्या एका चॅटमधून मागे या आणि हाताकडे लक्ष द्या. मागे जायचा बाण वर डाव्या कोपऱ्यात असतो आणि कीबोर्ड खाली. अंगठा खालून तिरका वर जातो, ताणूनही पोचत नाही म्हणून फोन तळहातात सरकवावा लागतो. तो पडू नये म्हणून करंगळी खालून आधार देते आणि मनगट करंगळीकडे झुकतं. अंगठा ताणलेला आणि मनगट वाकलेलं, म्हणजे वरच्या चाचणीच्या जवळपास जाणारी स्थिती आपण दिवसातून कितीतरी वेळा स्वतःच करतो. हल्लीचे मोठे फोन कव्हरसकट सहज 200 ग्रॅमच्या पुढे जातात, तेव्हा धरण्याचा भारही त्याच अंगठ्यावर येतो.

ही पकड पूर्ण सोडणं जमत नसेल तर कोपरा तरी गाठू नका. अँड्रॉइडवर जेश्चर चालू असतील तर उजव्या कडेवरून आत सरकवलं तरी मागे जाता येतं. आयफोनमध्ये Reachability चालू केलं की पडद्याचा वरचा भाग खाली येतो. यानं ताण कमी होतो, जात नाही. दुखणं चालू असताना मी ही पकड एखादं 'हो, निघाले' लिहिण्यापुरतीच चालवून घेते.

दोन हात, दोन अंगठे

बरेच जण इथे येऊन थांबतात, आणि दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर ते चालतं. प्रत्येक अंगठ्याच्या वाट्याला अर्धा पडदा येतो, ताणावं लागत नाही, फोन दोन्ही हातांच्या बोटांवर टेकतो आणि मनगटं बऱ्यापैकी सरळ राहतात.

पण दुखरा अंगठा कामावरून सुटलेला नसतो. शिवाय या पकडीत टायपिंग वेगानं होतं, त्यामुळे माणूस जास्त लिहितो. एका अंगठ्यानं चार ओळी लिहिणारा दोन अंगठ्यांनी चाळीस लिहितो आणि सुटका झालेला ताण परत भरून येतो. सकाळी उठल्यावर अंगठा हलवतानाच कळ येत असेल, तर ही पकड पुरेशी नाही.

एका हातात फोन, दुसऱ्या हाताची तर्जनी

दुखणं ठरलेलं असेल तर माझी निवड हीच. चांगल्या हाताच्या तळव्यावर फोन झोपवायचा, बोटं मागून आधाराला, आणि अंगठा कडेला नुसता टेकलेला, दाबलेला नाही. दुखऱ्या हाताच्या तर्जनीनं टाइप करायचं. तर्जनीच्या कंडरा त्या अरुंद बोगद्यातून जातच नाहीत, त्यामुळे घासण्याचं कारणच थांबतं. तर्जनीनं लिहिताना दुखरा अंगठा हवेत ताणून ठेवायची सवय असते, तेवढी बघा. तो तर्जनीशेजारी सैल पडलेला हवा.

तोटा म्हणजे वेग. मराठी कीबोर्डवर जोडाक्षरं आली की पहिले काही दिवस वैताग येतो. लांब मजकुरासाठी बोलून लिहिणं सोपं पडतं. गुगलच्या कीबोर्डवरचा माइक मराठी बऱ्यापैकी ओळखतो, मात्र आडनावं आणि मधले इंग्रजी शब्द तपासून पाठवा. कॉम्प्युटर समोर असेल तर व्हॉट्सअॅप तिथे उघडून उत्तरं देणं सगळ्यांत चांगलं.

दुसऱ्या हातात फोन घेऊन त्या हाताच्या अंगठ्यानं सगळं करायचं, हा पर्याय मात्र मी सुचवत नाही. काही महिन्यांनी दुसरं मनगट घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

रिंग किंवा मागची गोल पकड

शंभर-दोनशे रुपयांत मिळते म्हणून लोक आधी हीच घेतात. ती काय करते आणि काय करत नाही हे कळलं तर पैसे वाया जात नाहीत. फोनचं वजन मधल्या दोन बोटांवर जातं, करंगळीचा आधार लागत नाही आणि फोन आवळून धरावा लागत नाही. वाचायला, व्हिडिओ बघायला हे खरंच उपयोगी आहे. अंगठ्याचं ताणणं मात्र तसंच राहतं, आणि फोन पडायची भीती गेल्यामुळे एका हातानं वापरायचा वेळ उलट वाढतो. घ्यायचीच असेल तर मध्यापेक्षा थोडी खाली चिकटवा आणि टाइप करायला दुसरा हात आणा. व्हिडिओच बघायचा असेल तर टेबलावरचं साधं स्टँड रिंगपेक्षा बरं, कारण त्यात हातच लागत नाही.

एक उदाहरण

डोंबिवलीहून रोज लोकलनं मुंबईला जाणाऱ्या चाळिशीतल्या एक ताई. मोठा फोन, जाड कव्हर, उजवं मनगट कडेला सुजलेलं, कढई एका हातानं उचलली की डोळ्यांत पाणी. रिंग त्यांनी आधीच लावली होती. उभं राहून प्रवास करताना डावा हात वरच्या कडीला आणि उजव्या अंगठ्यानं सगळे ग्रुप, असं जाता-येता चालायचं.

तिथे दोन हातांची कुठलीच पकड बसत नव्हती. म्हणून उभं असताना फक्त ऐकायचं असं ठरलं, व्हॉइस मेसेज किंवा गाणी, आणि फोन पर्समध्ये. बसायला मिळालं की पर्स मांडीवर, तिच्यावर फोन, आणि तर्जनीनं टायपिंग. जोडीला अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारा थंब स्पायका स्प्लिंट. मेडिकलच्या दुकानात नुसता 'मनगटाचा पट्टा' मागितला तर बहुतेकदा अंगठा मोकळा सोडणारा मिळतो, त्याचा या दुखण्यात फारसा उपयोग नाही.

तीन आठवड्यांत रात्रीचं ठणकणं थांबलं, पण उचलताना येणारी कळ हटेना. घरकाम विचारत गेले तेव्हा कळलं की स्प्लिंट काढून त्या रोज फरशीचं फडकं पिळत होत्या. पिळताना मनगट वाकतं आणि अंगठा जोर लावतो, म्हणजे फोनवर वाचवलेलं मोरीत खर्च होत होतं. फडक्याऐवजी दांड्याचा मॉप आला, कढई दोन्ही हातांनी, तळवे वर करून उचलायला लागल्या, आणि पुढच्या महिनाभरात कळ जवळजवळ गेली. तान्ह्या बाळाच्या आईच्या बाबतीत फडक्याच्या जागी बाळ असतं. काखेत अंगठे ताणून उचलण्याऐवजी एक तळवा ढुंगणाखाली आणि एक पाठीखाली घालून उचलावं लागतं, नाहीतर फोनची पकड कितीही बदलली तरी फरक पडत नाही.

पकड बदलूनही राहिलं तर

चार ते सहा आठवडे पकड, स्प्लिंट आणि घरकाम तिन्ही सांभाळूनही कळ तशीच असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बोगद्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननं बऱ्याच जणांना चांगला आराम पडतो. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढू शकते. सुई टोचलेल्या जागेची त्वचा फिकट पडू शकते, आणि आपल्या वर्णावर तो डाग उठून दिसतो, हेही आधी विचारून घ्या. काहींच्या मनगटात त्या बोगद्याचे आतून दोन कप्पे असतात. औषध एकाच कप्प्यात गेलं की गुण कमी येतो, अशा वेळी सोनोग्राफीत बघून दिलेलं इंजेक्शन कामी येतं. त्यानंतरही राहिलं तर स्थानिक भूल देऊन बोगदा मोकळा करायची छोटी शस्त्रक्रिया असते, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

मनगट लाल, गरम होऊन ताप आला असेल, किंवा पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर सहा आठवडे थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. पडल्यानंतरच्या दुखण्यात तिथलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ते कधीकधी दिसतही नाही.