पावती खरी, खातं खोटं: आमच्या कृषी केंद्रातली वसुलीची फसवणूक

यवतमाळ जिल्ह्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे आणि तिचं एक कृषी केंद्र आहे. खरिपात बियाणं-खत उधारीवर द्यायचं आणि कापूस-सोयाबीनचा चुकारा हाती आला की वसूल करायचं, असा हा धंदा. वसुलीला ठेवलेल्या माणसाने आम्हाला साडेतीन लाखांना बुडवलं. अशी केंद्रं गावोगावी आहेत, म्हणून त्याने हे कसं केलं ते सविस्तर लिहितो.

मालाची मागणी, उधारीची मर्यादा, चलन, बिल इथवर सगळं ठीक होतं. अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर शेतकऱ्याची ओळख पटवूनच होते, त्यामुळे तिथे हात मारणं अवघड. भोक होतं त्यापुढच्या टप्प्यात, म्हणजे पैसे येऊन खात्यावर जमा होण्याच्या मधे. गावात जाऊन रोख घेणारा, पावती फाडणारा, बँकेत भरणारा आणि संगणकात खतावणी करणारा माणूस एकच होता.

एक उदाहरण घ्या. १२ नोव्हेंबरला एका कास्तकाराने १८,४०० रुपये रोख दिले. त्याला कंपनीच्या पावतीबुकातली खरी पावती मिळाली, पण पैसे या माणसाच्या खिशात गेले. २८ नोव्हेंबरला दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याने २२,००० दिले. ते पूर्ण बँकेत भरले गेले, पण खतावणीत १८,४०० पहिल्याच्या नावावर आणि उरलेले ३,६०० दुसऱ्याच्या नावावर चढले. आता दुसऱ्याच्या खात्यात १८,४०० कमी पडले, ते तिसऱ्याच्या पैशातून भरले. खड्डा बुजत नाही, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत राहतो. शिवाय मधूनमधून नवी रक्कम खिशात गेली की तो मोठाही होतो.

यातली सर्वात घातक गोष्ट अशी की रोज बँकेत भरलेली रक्कम आणि त्या दिवशी खतावणीत जमा दाखवलेली एकूण रक्कम तंतोतंत जुळते. नुसतं बँकेचं पासबुक आणि खतावणी लावून पाहिली तर काहीच दिसत नाही. थकबाकीही फार जुनी वाटत नाही, कारण प्रत्येकाचं खातं थोड्या उशिराने का होईना, मिटत असतं.

पण हंगाम संपला की नवे पैसे येणं थांबतं आणि साखळी अडकते. त्यावर त्याने दुसरी वाट काढली. 'माल परत' म्हणून क्रेडिट नोटा टाकून काही खाती शून्य केली. त्यातल्या काही नोटा जानेवारीतल्या होत्या आणि माल होता कपाशीचं बियाणं! जूनमध्ये पेरलेलं बियाणं जानेवारीत कोण परत आणतो? गोदामाच्या साठा रजिस्टरमध्ये एकही पाकीट परत आल्याची नोंद नव्हती. क्रेडिट नोट मंजूर करण्याचा अधिकारही त्याच्याच लॉगिनला होता.

हे उघडकीस आलं ते मे महिन्यात. नव्या हंगामाची उधारी मागायला आलेल्या एका काकांना काउंटरवरच्या पोराने सांगितलं, मागची बाकी आहे. काकांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पावती काढली. "म्या त कवाचेच भरले ना भाऊ पैसे. हे पाय, तुमचाच शिक्का हाये." त्यांची पावती डिसेंबरची होती आणि संगणकात खातं उघडंच होतं. थकबाकीचा मेसेज आला नाही का, असं विचारल्यावर कळलं की त्यांच्या खात्यावरचा मोबाईल नंबरच बदललेला होता.

त्यानंतर आम्ही पावतीबुकाच्या स्थळप्रती काढून बसलो. प्रत्येक पावतीचा क्रमांक, नाव, रक्कम आणि तारीख खतावणीतल्या नोंदीशी लावली. एकूण बेरीज नव्हे, एकेक नाव. नोव्हेंबरपासून पुढे कित्येक पावत्या दहा-पंधरा दिवस उशिरा चढलेल्या होत्या, आणि एका पावतीची रक्कम दोन नावांवर फुटलेली होती. ही तपासणी कोणत्याही केंद्राला अर्ध्या दिवसात करता येते. एका महिन्याच्या पावत्या घ्या, प्रत्येकीची खतावणीतली आणि बँक स्लिपवरची तारीख शेजारी लिहा. उशिराची रांग दिसली की समजा.

मात्र या तपासणीलाही मर्यादा आहे. त्याने बाहेरून छापलेलं वेगळंच पावतीबुक वापरलं असतं, तर स्थळप्रत आमच्याकडे आलीच नसती. ते पकडायला वसुलीशी संबंध नसलेल्या माणसाने गावात जाऊन शेतकऱ्यालाच बाकी विचारावी लागते. आता हे काम आमचे दोन संचालक करतात, तेही चुकारे झाल्यावर लगेच, मार्चची वाट न पाहता. पावतीबुकं क्रमांक लिहून, सही घेऊन देतो आणि जुनं जमा झाल्याशिवाय नवं देत नाही. रोख घेणाऱ्याकडे खतावणीचा पासवर्ड नाही. क्रेडिट नोट गोदामपालाची सही असल्याशिवाय निघत नाही, आणि मोबाईल नंबर बदलायचा तर शेतकरी समोर लागतो.

पोलिसांत तक्रार दिली आहे, पण पैसे अजून आलेले नाहीत. ज्यांच्याकडे पावती होती त्या सगळ्यांची खाती आम्ही मिटवली, तो तोटा कंपनीने सोसला. काही शेतकऱ्यांच्या पावत्या हरवल्या आहेत. त्यांच्या बाकीवर संचालक मंडळात वाद चालू आहे.