चुकीच्या खुणेची किंमत: दोन गुणपद्धती

नागपुरातील शिकवणी वर्गांच्या सराव परीक्षांत बहुपर्यायी-बहुउत्तरी प्रश्नांसाठी दोन पद्धती वापरता येतात. चार गुणांच्या प्रश्नात अ, ब, क बरोबर आणि ड चूक आहे, असे धरू.

पहिली पद्धत जेईई अ‍ॅडव्हान्स्डची. अ आणि ब एवढेच निवडल्यास २ गुण, तिन्ही निवडल्यास ४. पण ड वर एकही खूण झाली, तर बाकीचे कितीही बरोबर असले तरी −२. दोन पर्यायांची खात्री असलेल्या विद्यार्थ्याने तिसऱ्यावर खूण केली, तर लाभ एक किंवा दोन गुणांचा, तोटा मात्र चार किंवा सहा गुणांचा. म्हणून किमान दोन-तृतीयांश खात्रीशिवाय तिसरी खूण करणे परवडत नाही.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक बरोबर खुणेला ४/३ गुण मिळतात आणि चुकीच्या खुणेचे गुण वजा होतात. वजावटही ४/३ ठेवली, तर सर्व पर्याय निवडणाऱ्याला काहीही न वाचता २.६७ गुण मिळतात, आणि हा दोष गंभीर आहे. त्यामुळे वजावट चुकीच्या पर्यायांच्या संख्येवरून ठरवावी: येथे चूक पर्याय एकच, म्हणून वजावट ४, आणि सर्व निवडणाऱ्याला शून्य. प्रश्नाचे एकूण गुण शून्याखाली जाऊ दिले नाहीत, तर मात्र अंदाजाने खुणा करणाऱ्याला सरासरीत थोडा फायदा उरतोच.

घटक चाचणीत कोणता भाग समजला हे पाहायचे असल्याने मी दुसरी पद्धत निवडेन. प्रवेश परीक्षेच्या सरावाला पहिलीच योग्य.