वर्कशॉपचा सिंगल फेज इन्व्हर्टर पाच महिन्यांत का बदलला: १९ महिन्यांचा अनुभव

माझ्याकडे दोन ठिकाणी सोलर आहे. घरावर ३ किलोवॅट, सिंगल फेज इन्व्हर्टर. घरापासून थोड्या अंतरावर माझं लेथचं वर्कशॉप आहे, त्याच्या पत्र्यावर ५ किलोवॅट. दोन्ही ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेले, बॅटरी नाही, दोन्हीकडे कनेक्शन थ्री फेज. वर्कशॉपलाही फेब्रुवारीत सिंगल फेजच इन्व्हर्टर बसवला होता. जुलैत तो काढून थ्री फेज घेतला, त्याला आता १४ महिने झाले. मधल्या काळात जे कळलं ते घेण्याआधी कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे आणि एक अख्खा उन्हाळा वाचला असता, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक मोठा गैरसमज. "लेथची मोटर थ्री फेज आहे, म्हणजे इन्व्हर्टरही थ्री फेजच लागणार," असं मलाही वाटायचं. ऑन-ग्रिडमध्ये तसं नसतं. मोटरला तीन फेज महावितरणच्या लाइनमधून मिळतातच, इन्व्हर्टर फक्त त्याच लाइनमध्ये आपली वीज ओततो. माझी ३ एचपीची मोटर सिंगल फेज इन्व्हर्टर असतानाही आरामात चालत होती.

दुसरी शंका मीटरची होती. लाइनच्या तीन फेजना आर, वाय आणि बी म्हणतात, सिंगल फेज इन्व्हर्टर त्यातल्या एकालाच जोडलेला असतो. वीज तयार होणार आर फेजवर, वापर होणार वाय आणि बी वर, मग तयार झालेली फुकट जाणार का? बसवणारे म्हणाले, "दादा, मीटर तिन्ही फेजची बेरीज करतो, काळजी करू नका." मी तपासून पाहिलं. दुपारी सगळी मशीनं बंद केली आणि वाय फेजवर फक्त एक हीटर लावला. आरवरून वीज बाहेर जात होती, वायवरून आत येत होती आणि नेट मीटरच्या रीडिंगमध्ये वजाबाकी होऊन उरलेलीच एक्स्पोर्ट म्हणून चढत होती. या बाबतीत त्यांचं बरोबर निघालं. तुमच्या मीटरवर हीच चाचणी जरूर करा, पाच मिनिटांचं काम आहे.

त्रास सुरू झाला मार्चमध्ये. चांगल्या उन्हात माझे ५ किलोवॅट दिवसाला २० युनिटच्या आसपास देतात. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मात्र १२-१३ च युनिट दिसायचे. ऊन तेच, पॅनल धुतलेले. एका सुट्टीला मुद्दाम दुपारी इन्व्हर्टरसमोर बसलो. साडेअकराच्या सुमाराला स्क्रीनवर `Grid Overvoltage` आलं, रिले टक करून सुटला आणि निर्मिती शून्य झाली. थोड्या वेळाने पुन्हा जोडला गेला, हळूहळू चढला आणि भरात आल्यावर परत सुटला. तीन वाजेपर्यंत हाच खेळ.

कारण समजून घ्यायला मल्टिमीटर आणि साधा गुणाकार पुरला. आपल्याकडे सिंगल फेजचं ठरलेलं व्होल्टेज २३० आणि नियमाप्रमाणे त्याच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर गेल्यावर इन्व्हर्टरने लाइनपासून सुटायचं असतं. सुट्टीच्या दिवशी आजूबाजूचे शेड बंद असल्याने लाइनवर लोड नसतो, त्यामुळे इन्व्हर्टर बंद असतानाच माझ्या आर फेजवर २४६-२४७ व्होल्ट असायचे. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज करावं लागतं, आणि किती जास्त ते केबलवर ठरतं. माझ्याकडे पोलपासून इन्व्हर्टरपर्यंत ६० मीटर, १० स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियम केबल आहे. तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला ३ ओहमच्या जरा वर. करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो, म्हणजे वाट १२० मीटरची, साधारण ०.३७ ओहम. भर दुपारचे २० अँपिअर त्यातून गेले की ७ व्होल्टच्या वर वाढ. २४६ मध्ये ७ मिळवा, २५३ झालेच.

आता तीच वीज तीन फेजवर वाटली तर? प्रत्येक फेजला २० ऐवजी पावणेसात अँपिअर. शिवाय तिन्ही फेजचे करंट सारखे असले की न्यूट्रलमध्ये ते एकमेकांना रद्द करतात, म्हणून परतीच्या तारेतली वाढ उरतच नाही. करंट एक तृतीयांश, वाट निम्मी, म्हणून वाढ एक षष्ठांश. सातच्या जागी सव्वा व्होल्ट. माझ्यासाठी सगळा निर्णय या एका हिशोबात होता.

बदलण्याआधी दुसरे उपायही करून पाहिले. इन्व्हर्टर बी फेजवर हलवला, महिनाभर बरं चाललं, मग त्या फेजवरही सुट्टीला व्होल्टेज चढायला लागलं. बसवणाऱ्यांपैकी एकाने सेटिंगमध्ये मर्यादा वाढवून २६५ करून देतो म्हटलं, ते मी करू दिलं नाही. इन्व्हर्टर चालू राहिला असता, पण तेच वाढलेलं व्होल्टेज त्या फेजवरच्या ट्यूब, पंखे आणि ग्राइंडरला सोसावं लागलं असतं. साइट बघायला आले तेव्हा बसवणाऱ्यांनी पोलचं अंतर मोजलं नाही की व्होल्टेज पाहिलं नाही, याचा राग अजून आहे. जुना इन्व्हर्टर परत घेताना किंमतही बरीच पाडली.

थ्री फेज आल्यापासून सुट्टीच्या दिवशीही २० युनिट पडतात आणि `Grid Overvoltage` मी एकदाही पाहिलेलं नाही. पण याची एक बाजू पावसाळ्यात कळली. आमच्याकडे एखादा फेज जाणं नवीन नाही, ट्रान्सफॉर्मरवरचा एक फ्यूज उडाला की झालं. एक जरी फेज गेला तरी थ्री फेज इन्व्हर्टर पूर्ण बंद होतो. ऑगस्टमध्ये वाय फेज सकाळी अकराला गेला तो तीनला आला. तेवढा वेळ वर्कशॉपची निर्मिती शून्य होती, आणि घरचा सिंगल फेज इन्व्हर्टर त्याचा आर फेज शाबूत असल्याने चालू होता. ज्यांच्याकडे आठवड्याला फेज जातो त्यांनी हे नुकसान गांभीर्याने धरावं.

लाइट गेल्यावर चालवायचं असेल, म्हणजे बॅटरीवाला हायब्रीड घ्यायचा असेल, तर मात्र विचार वेगळा. तिथे लाइन नसताना थ्री फेज मोटर चालवायला थ्री फेज इन्व्हर्टरच हवा, आणि सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, ते त्याला झेपलं पाहिजे. घरासाठी उलटी अडचण येते. ६ किलोवॅटचा थ्री फेज हायब्रीड बहुतेक वेळा एका फेजला २ किलोवॅटच्या आसपासच देतो. गीझर आणि इस्त्री एकाच फेजवर असली तर बाकीचे दोन फेज रिकामे असूनही ट्रिप होतो. सिंगल फेजमध्ये सगळे ६ किलोवॅट एकाच ठिकाणी मिळतात.

ऑन-ग्रिड घेणाऱ्याने कोटेशन मागवण्याआधी आठ दिवस, त्यात एक सुट्टी धरून, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान तिन्ही फेजचं व्होल्टेज लिहून ठेवावं. पोलपासूनचं अंतर आणि केबलचा साइज बघून वर केला तसा गुणाकार करावा. लाइनचं सर्वात जास्त आलेलं व्होल्टेज आणि ही वाढ मिळून २४८ च्या आत राहत असेल तर मी सिंगल फेज घेईन. मर्यादा २५३ ची असूनही २४८ धरतो, कारण पोलच्या पलीकडच्या लाइनमध्येही थोडी वाढ होतेच आणि तेवढी जागा सोडावी लागते. कनेक्शनच सिंगल फेज असेल तर प्रश्नच नाही.

घरी आता आणखी २ किलोवॅट वाढवतोय. पोल १२ मीटरवर आहे, सुट्टीच्या दुपारीही व्होल्टेज २३८ च्या वर गेलं नाही, आणि ५ किलोवॅटला वाढ दोन व्होल्टसुद्धा येत नाही. तिथे सिंगल फेजच बसणार आहे.