पोरीचं अपेंडिक्स दिसलं नाही: पुन्हा सोनोग्राफी की लगेच सीटी?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातली आठ वर्षांची मुलगी, बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं. सोनोग्राफीत अपेंडिक्स सापडलं नाही. पण तिथली चरबी पांढरट, जाड आणि दाबूनही न हलणारी दिसली. अशी चरबी जवळच्या सुजेची खूण असते, म्हणून हा अहवाल ‘नॉर्मल’ नव्हे.

अशा वेळी आमचा कल सहा ते आठ तासांनी पुन्हा सोनोग्राफीकडे. सोनोग्राफीचा सपाट तोंडाचा लिनिअर प्रोब मूल श्वास सोडत असताना पोटावर हळूहळू दाबायचा, म्हणजे गॅस बाजूला सरतो आणि पोटामागचा सोआस स्नायू व कमरेतल्या इलियाक रक्तवाहिन्या दिसतात. झटक्यानं दाबलं की मूल पोट ताठ करतं आणि तपासणी तिथेच संपते. एका टोकाला बंद, न दबणारी, हालचाल नसलेली, सहा मिलिमीटरहून जाड नळी, म्हणजेच सुजलेलं अपेंडिक्स, शोधायची. ती टोकापर्यंत पाहावीच, कारण सूज कधी फक्त टोकाशीच असते. अपेंडिक्स सीकमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, मागे असेल, तर डाव्या कुशीवर वळवून बघावं.

सीटीत मागचं अपेंडिक्सही सहसा दिसतं, पण किरणोत्सर्ग होतो आणि बारीक मुलांत चरबी कमी असल्यानं वाचन अवघड जातं. मूल स्थूल असेल किंवा गळूची शंका असेल, तर मात्र सीटी. पोट ताठ होऊन ताप चढू लागला, तर ठरलेल्या तासांची वाट न पाहता सर्जनला बोलवावं.